पंप थांबताना आपटणारा एनआरव्ही: फ्लॅपचा कुठे बसतो, स्प्रिंगचा कुठे

प्रश्न: दोन पंप एकाच हेडरवर, म्हणजे सामाईक डिलिव्हरी पाइपवर आहेत, प्रत्येकी ताशी ९५ घनमीटर. ४५ मीटर उंचीवरच्या टाकीत पाणी जाते, १५० मिमीची लाइन जेमतेम ६० मीटर आहे. दोन्ही डिलिव्हरीला फ्लॅपचे एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारे व्हॉल्व्ह आहेत. पंप बंद केला की असा धडाका होतो की फाउंडेशन हादरते. एक जण म्हणतो स्प्रिंगचा घाला, दुसरा म्हणतो स्प्रिंगवाला हेड, म्हणजे मीटरमध्ये मोजलेला पाण्याचा दाब खातो आणि स्प्रिंग तुटते. नेमका कोणता कुठे घालायचा?

तुमच्या लाइनला स्प्रिंगचाच घाला. दुसऱ्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही, पण ते वेगळ्या जागेसाठी खरे आहे. तुमच्या जागी फ्लॅप का आपटतो हे एकदा नीट समजले, की पुढच्या कुठल्याही लाइनला कोणता लावायचा हे तुम्हीच ठरवू शकाल.

बहुतेक ठिकाणी एनआरव्ही निवडताना दोनच गोष्टी पाहतात: लाइनची साइझ आणि प्रेशर. या दोन्हीवरून व्हॉल्व्ह फुटणार नाही एवढेच कळते. तो आपटेल की नाही हे ठरते तिसऱ्या गोष्टीवर, ती म्हणजे पंप थांबल्यावर लाइनमधले पाणी किती झपाट्याने थांबते आणि उलटे फिरते. व्हॉल्व्ह त्याआधी मिटला तर काही ऐकूही येत नाही. तो मिटेपर्यंत पाणी उलटे धावायला लागले असेल, तर ते धावते पाणी एका क्षणात अडवले जाते आणि तुम्हाला धडाका ऐकू येतो.

आता फ्लॅपकडे पाहू. फ्लॅप वरच्या पिनवर दारासारखा टांगलेला असतो. पाणी वाहत असताना प्रवाह त्याला उचलून धरतो, प्रवाह कमी झाला की तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. त्याला मिटवणारे दुसरे काहीच नाही. १५० मिमीच्या फ्लॅपला पूर्ण उघड्या स्थितीतून सीटवर येण्यासाठी बराच मोठा कंस पार करावा लागतो. पाणी सावकाश कमी होत गेले तर फ्लॅप त्याच्याबरोबर उतरत राहतो आणि पाणी थांबेपर्यंत सीटजवळ पोचलेला असतो. पण पाणी झटकन थांबले तर फ्लॅप अजून अर्ध्या वाटेवर असतानाच पाणी मागे फिरते. मग फ्लॅपला ते उलटे पाणीच ढकलत आणते आणि सीटवर आपटते.

स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमध्ये डिस्कचा प्रवास छोटा असतो आणि स्प्रिंग तिला सतत सीटकडे ढकलत असते. प्रवाह कमी व्हायला लागल्या क्षणापासून स्प्रिंग तिला परत आणू लागते, उलट्या पाण्याची वाट पाहत नाही. म्हणून याच जातीला काही जण सायलेंट चेक व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्या पोटात बरेच प्रकार आहेत. एक ग्लोबसारख्या बॉडीचा, एक नॉझलसारखा सरळ बॉडीचा, आणि एक ड्युअल प्लेटचा, ज्यात मधल्या पिनवर दोन अर्धगोल पाती असतात आणि स्प्रिंग त्यांना मिटवते. घरगुती पितळी स्प्रिंग एनआरव्हीही याच कुळातला.

पाणी किती झपाट्याने थांबते हे कागदावर काढायला फार काही लागत नाही. पंपाचा जोर गेला की वरच्या टाकीचे पाणी खाली यायला बघते. मागे ओढणारा जोर हेडवर अवलंबून आणि हलवायचे वजन लाइनच्या लांबीवर. म्हणून दर सेकंदाला उतरणारा वेग ढोबळमानाने मिळतो तो असा: ९.८१ गुणिले हेड, भागिले लांबी.

तुमची लाइन घ्या. हेड ४५, लांबी ६०. उत्तर येते ७.४ मीटर प्रतिसेकंद, दर सेकंदाला. एक पंप चालू असताना १५० मिमीत पाण्याचा वेग साधारण १.५ मीटर प्रतिसेकंद असतो. म्हणजे ते पाणी ०.२ सेकंदात थांबते. डोळ्याची पापणी मिटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. फ्लॅपला पाणी थांबल्यावर मिटायला आणखी ०.२ सेकंद लागले असे धरा. तेवढ्यात पाण्याने उलट दिशेला १.५ मीटरचा वेग घेतलेला असतो.

आता हेच हेड, पण लांबी १८०० मीटर घ्या. वेग दर सेकंदाला फक्त पाव मीटरने उतरतो. पाणी थांबायला ६ सेकंद लागतात आणि त्या सहा सेकंदांत फ्लॅप आरामात खाली येतो. तो तसाच ०.२ सेकंद उशिरा मिटला तरी उलटा वेग ०.०५ मीटर. एवढ्याने हलकासा ठोका पडेल, बस.

उलट्या वेगाचे प्रेशर किती होते, त्याचे सूत्र निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठा लाइनवर प्रयोग करून पक्के केले आणि आजही तेच वापरतात. अचानक अडवलेला वेग गुणिले लाइनमधल्या दाबाच्या लाटेचा वेग, भागिले ९.८१, म्हणजे वाढलेले हेड. स्टीलच्या लाइनमध्ये लाटेचा वेग ११०० मीटर प्रतिसेकंद धरला, तर दर १ मीटर वेगामागे सुमारे ११२ मीटर हेड वाढते, म्हणजे जवळपास ११ बार. हा आकडा लक्षात ठेवा, फार उपयोगी पडतो.

तुमच्या लाइनमध्ये १.५ मीटरला सुमारे १६८ मीटर येतात. त्यात मूळचे ४५ मिळवा, २१३ मीटर झाले. म्हणजे सुमारे २१ बार, आणि हे सगळे अशा लाइनमध्ये जिला रोज फक्त साडेचार बार धरायचे असतात. पीएन १६, म्हणजे १६ बारच्या फ्लँजच्या मर्यादेबाहेरचा हा आकडा आहे. स्प्रिंगची डिस्क ०.०३ सेकंद उशिरा मिटली तर उलटा वेग ०.२२ मीटर आणि वाढ सुमारे २५ मीटर. इथे पाइप, गॅस्केट कुणालाच काही होत नाही.

हे गणित कडक बाजूने केले आहे. प्रत्यक्षात पंप आणि मोटारचे फिरते वजन पाण्याला क्षणभर ढकलत राहते, त्यामुळे पाणी याहून थोडे सावकाश थांबते. उशिराचे ०.२ आणि ०.०३ सेकंद मी फरक दिसावा म्हणून घेतले आहेत, प्रत्येक बनावटीत ते वेगळे असतात. पण २८००-२९०० आरपीएमच्या छोट्या पंपसेटमध्ये फिरते वजन फारच कमी असते, त्यामुळे तिथे या गणितापासून फार लांब जायला होत नाही. जड फ्लायव्हीलसारखा रोटर असलेल्या मोठ्या संथ पंपांची गोष्ट निराळी.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते खरा त्रास तिथेच आहे. दोन पंप चालू असताना एकच बंद केला तर काय होते पाहा. दुसरा पंप चालूच आहे, म्हणून हेडरमधले प्रेशर खाली येत नाही. बंद झालेल्या पंपाच्या शाखेत फक्त दोन-तीन मीटर पाइप असतो. पूर्ण हेडरचे प्रेशर त्या दोन-तीन मीटरच्या पाण्याला मागे रेटते. वरच्या गणितात लांबी ६० ऐवजी ३ घालून पाहा, आकडा वीसपट होतो. पंपाच्या फिरत्या वजनाने जी काय थोडी ढाल मिळते, तेवढीच. म्हणून समांतर पंपांच्या स्टेशनवर लाइन लांब असली तरी फ्लॅप आपटू शकतो. एकटा पंप बंद करताना आवाज नाही, दोनपैकी एक बंद करताना मात्र धडाका, अशी तक्रार आली की मी लाइनची लांबी विचारायच्या आधी हेडर बघतो.

प्रेशर टाकीचेही असेच आहे. वॉटर हॅमर होतो म्हणून कुणी पंपाशेजारी हवेची टाकी बसवते. टाकी लाइनचे रक्षण करते, हे खरे. पण पंप थांबला की टाकीतली दाबलेली हवा अगदी जवळून पाणी मागे ढकलते, आणि आजवर गप्प असलेला फ्लॅप त्या दिवसापासून आपटू लागतो. मग लोक टाकीला दोष देतात. टाकी ठीक असते, तिच्या शेजारी फ्लॅप ठेवणे चुकीचे असते. हवेची टाकी असलेल्या लाइनला जलद मिटणारा व्हॉल्व्हच हवा.

धडाक्याचा आवाज ऐकूनही बरेच कळते. पंपाचे बटण दाबले आणि लगेच, सेकंदाच्या आत, व्हॉल्व्हजवळ एकच जोरदार ठोका पडला, तर तो एनआरव्ही आपटण्याचा आवाज. ठोका काही सेकंदांनी, लाइनच्या दूरच्या उंच जागेकडून आला आणि पुन्हा पुन्हा आला, तर तिथे पाण्याचा स्तंभ तुटून परत जुळतो आहे. त्याला एअर व्हॉल्व्ह, लाइनचा उतार असे वेगळेच उपाय लागतात, एनआरव्ही बदलून ते जाणार नाही. आणि पंप चालू असताना खटखट ऐकू येत असेल तर ते तिसरेच दुखणे, त्याकडे पुढे येतो.

एका पंप हाउसची गोष्ट सांगतो, तुमच्यासारखीच आखूड उभी लाइन होती. धडाका होतो म्हणून तिथे आधीच्या माणसाने फ्लॅपचाच, पण एक साइझ मोठा आणि जड बॉडीचा एनआरव्ही लावला होता. मजबूत आहे, टिकेल, असा विचार. धडाका वाढला. मला बोलावले तेव्हा प्रेशर गेजचा काटा शून्याच्या खिळ्याला न टेकता अधांतरी उभा होता, म्हणजे गेज मार खाऊन गेलेले होते. पंपाचा ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीचे पॅकिंग, कितीही आवळला तरी पुन्हा ठिबकत होता. लाइन रिकामी करून बॉनेट उघडले. फ्लॅप हाताने हलवला तर पिनवर खडखडला. पिन काढली तेव्हा दिसले की ती मधोमध झिजून बारीक झाली होती आणि हिंजची भोके गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी लांबट झाली होती. त्यामुळे फ्लॅप तिरका बसत होता. सीटच्या खालच्या काठावर एका बाजूला बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा होता, रोज तिथेच आपटून आपटून ठोकलेला. वरच्या बाजूला सीटवर गंजाचा थर तसाच होता, म्हणजे तिथे फ्लॅप टेकतच नव्हता. एवढा आपटूनही व्हॉल्व्ह पाणी सोडत होता.

मोठा फ्लॅप आणून त्यांनी दोन चुका एकदम केल्या होत्या. मोठ्या फ्लॅपला मिटायला आणखी उशीर, ही एक. दुसरी अशी की मोठ्या व्हॉल्व्हमधून पाणी हळू जाते आणि फ्लॅप पूर्ण उघडतच नाही. पाण्यासाठी स्विंग चेक पूर्ण उघडून आधाराला टेकायला बनावटीप्रमाणे साधारण १.३ ते २.३ मीटर प्रतिसेकंद वेग लागतो. त्याहून कमी वेगात फ्लॅप अर्धवट हवेत लटकतो आणि पाण्याबरोबर फडफडत राहतो. चालू पंपाला ऐकू येणारी ती खटखट हीच. याच फडफडीने पिन झिजते. तिथे आम्ही साइझ उतरवून नॉझल पद्धतीचा स्प्रिंग व्हॉल्व्ह लावला. पंप बंद केल्यावर ऑपरेटरने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा चालू करून पुन्हा बंद केला, कारण त्याला पंप बंद झाला की नाही हेच कळेना. ग्लँड त्यानंतर एकदाच भरला.

तुमचा १५० मिमी फ्लॅपही १.५ मीटर वेगावर पूर्ण उघडत असेल याची खात्री नाही. लाइन १५० ची म्हणून एनआरव्ही १५० चाच हवा, असे नाही. १२५ चा घेतला तर वेग सुमारे २.१५ मीटर होतो. पंपाच्या डिलिव्हरीला रिड्यूसर लागतोच, तो एनआरव्हीच्या पुढे नेला की काम झाले. स्प्रिंगच्या व्हॉल्व्हलाही हा नियम तितकाच लागू आहे. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असेल तर नेहमीच्या प्रवाहात डिस्क अर्धीच उघडते, मग ती फडफडते, हेडही खाते आणि स्प्रिंग थकते. स्प्रिंग तुटते म्हणणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा असाच मोठ्या साइझचा व्हॉल्व्ह आलेला असतो. म्हणून विकत घेताना बनवणाऱ्याला विचारा: कोणत्या प्रवाहाला डिस्क पूर्ण उघडते? तो आकडा तुमच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा खाली असायला हवा, दोन्ही पंप चालू असताना प्रत्येकाचा प्रवाह थोडा घटतो तेव्हासुद्धा.

हेड खाण्याबद्दल तुमच्या सहकाऱ्याने विचारले ते योग्यच आहे, पण ते मोजून पाहावे. १.५ मीटर वेगाला १५० मिमीचा फ्लॅप १० ते २० सेंटिमीटर हेड खातो. ग्लोब बॉडीचा स्प्रिंग व्हॉल्व्ह ६०-७० सेंटिमीटरपर्यंत खाईल. नॉझलचा आणि ड्युअल प्लेटचा या दोन्हींच्या मध्ये, बहुधा फ्लॅपच्या जवळ. सर्वात वाईट बाजू धरली तरी अर्धा मीटर जास्त. तुमच्या प्रवाहाला त्याची किंमत मोटारीवर सुमारे ०.२ किलोवॉट होते, आणि पंप मुळात १८-१९ किलोवॉट घेत असणार. म्हणजे शेकडा एक. १२५ चा घेतला तर वेग वाढल्याने नुकसान दुपटीने वाढते, म्हणून तिथे ग्लोब बॉडी नको, नॉझल किंवा ड्युअल प्लेट घ्या.

हेच गणित पाच मीटर हेडच्या लाइनला करा. अर्धा मीटर म्हणजे दहावा हिस्सा गेला. कमी उंचीवर भरपूर पाणी उचलणाऱ्या पंपाला म्हणूनच फ्लॅप शोभतो. तिथे मागे ओढणारे हेडही कमी असते, त्यामुळे आपटण्याचा धोकाही कमी. लांब लाइन आणि एकटा पंप, तिथेही फ्लॅप चांगला. आणि मैलापाणी, चिंध्या, शेवाळ, पालापाचोळा असलेले पाणी असेल तर स्प्रिंगचा विचारही करू नये. गाळणीशिवायच्या नदीच्या पाण्यावर ड्युअल प्लेट लावलेली एक लाइन मी पाहिली. मधल्या पिनेभोवती गवताची वेणी झाली होती, एक पाते उघडे अडकले होते आणि राखीव पंप उलटा फिरत होता. कुणाच्या लक्षात आले नाही, आणि तो उलटा फिरत असतानाच कुणीतरी स्टार्ट केला. शाफ्ट गेला. इम्पेलर आट्यांवर बसवलेला असेल तर उलट्या फिरण्याने तो सुटतो. फ्लॅपच्या पूर्ण उघड्या वाटेतून चिंधी निघून जाते आणि बॉनेट उघडून हात घालून साफही करता येते. मैलापाण्यावर फ्लॅप आपटत असेल तर बाहेर लिव्हर आलेला फ्लॅप घ्यावा आणि लिव्हरवर स्प्रिंग लावावी. नुसते वजन लावले तर मिटवायला मदत होते, पण ते वजनही हलवावे लागते, त्यामुळे जलद लाइनमध्ये फायदा कमी होतो.

ऑइल डॅशपॉटबद्दल लोक हमखास विचारतात. डॅशपॉट फ्लॅपचा शेवटचा प्रवास मुद्दाम सावकाश करतो. मोठ्या लाइनवर तो योग्य असतो, पण तेवढा वेळ पाणी पंपातून मागे जाते आणि पंप उलटा फिरतो. तो पंपाला चालतो का हे आधी विचारावे लागते. तुमच्या दोन पंपांच्या आखूड लाइनला मी तो लावणार नाही.

सक्शनला मात्र नियम उलटा. सक्शनवर स्प्रिंगचा एनआरव्ही नको. तिथे पाण्याला खेचायला मुळात फार हेड उपलब्ध नसते आणि ०.०३ बारची साधी स्प्रिंगसुद्धा ३० सेंटिमीटर खाते, त्यात डिस्कचे नुकसान वेगळे. खालून उचलणाऱ्या पंपाला जाळीचा फूट व्हॉल्व्ह पुरे, आणि टाकीतून पाणी आपोआप येत असेल तर सक्शनला एनआरव्हीच नको. बोअरमधल्या सबमर्सिबलला याच्या अगदी विरुद्ध, तिथे डिलिव्हरीवर स्प्रिंगचाच. सबमर्सिबल मोटारींच्या मॅन्युअलमध्ये स्विंग प्रकार वापरू नये असे लिहिलेले असते, कारण फ्लॅप मिटण्याआधी पाणी मागे फिरते आणि तो धक्का थेट पंप-मोटारच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो.

बसवण्याची जागा अशी ठेवा. पंप, मग रिड्यूसर, मग एनआरव्ही, आणि एनआरव्ही लाइनपेक्षा लहान घेतला असेल तर रिड्यूसर त्याच्या पुढे. त्यानंतर स्लूस किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, मग हेडर. एनआरव्ही पंप आणि बंद करायच्या व्हॉल्व्हच्या मध्ये असला म्हणजे तो काढताना फक्त त्या शाखेचे पाणी सोडावे लागते, दुसरा पंप चालू ठेवता येतो. पंपातून किंवा बेंडमधून बाहेर पडलेले पाणी घुसळलेले असते, म्हणून फ्लॅपसाठी पाच व्यासांचा सरळ पाइप आधी हवा. १५० मिमीला तो पाऊण मीटर होतो. जागा कमी असलेल्या पंप हाउसमध्ये एवढे अंतर क्वचितच सापडते, आणि फ्लॅपच्या पिनी लवकर जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. आडव्या लाइनवर फ्लॅपचे बॉनेट वर हवे. उभ्या लाइनवर पाणी वर जात असेल तरच फ्लॅप चालतो, तोही नाइलाजाने, कारण उघडा फ्लॅप तिथे जवळजवळ उभा राहतो आणि खाली पडायला त्याच्या वजनाची मदत सुरुवातीला फार थोडी होते. तुमचा एनआरव्ही उभ्या पाइपात बसवलेला असेल तर धडाक्यामागे तेही एक कारण असू शकते.

ड्युअल प्लेट निवडलात तर दोन गोष्टी सांभाळा. आडव्या लाइनवर त्याची मधली पिन उभी हवी, नाहीतर एक पाते वर आणि एक खाली होते आणि वरचे आणि खालचे पाते सारखे मिटत नाही. दुसरी चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ठळक सांगतो: ड्युअल प्लेटच्या लगेच पुढे बटरफ्लाय बसवू नका. ड्युअल प्लेटची पाती उघडताना बॉडीच्या बाहेर येतात, आणि बटरफ्लायची डिस्कही बॉडीबाहेर वळते. दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि बटरफ्लाय पूर्ण उघडतच नाही. मध्ये छोटा पाइपचा तुकडा घाला, आणि घट्ट करण्याआधी बटरफ्लाय हाताने पूर्ण फिरवून बघा.

मोटारीचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीने हळूहळू वेग उतरवून किंवा आधी डिलिव्हरी व्हॉल्व्ह मिटवून मग पंप बंद केला तर फ्लॅप आपटत नाही, हे खरे आहे, आणि व्हॉल्व्ह येईपर्यंत तुम्ही तसेच करा. पण वीज गेली की ना व्हीएफडी उरतो ना व्हॉल्व्ह मिटवणारा माणूस. एनआरव्ही त्या क्षणासाठीच निवडायचा असतो.

नवीन बसवल्यावर तपासणी अशी करा. आधी एकटा पंप चालवून बंद करा, आवाज ऐका. मग दोन्ही चालवून एक बंद करा, हीच कठीण परीक्षा. बंद झालेल्या पंपाच्या कपलिंगवर आधीच खडूने रेघ मारून ठेवा. पंप थांबल्यावर ती रेघ उलट्या दिशेला सरकू लागली तर व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा नीट बसलेला नाही. तुमचा पंप खालून पाणी उचलणारा असेल तर आणखी सोपे: पंप बंद ठेवून केसिंगवरचा हवा सोडायचा कॉक उघडा. थोडे पाणी येऊन थांबले तर ठीक, पण कारंज्यासारखे येतच राहिले तर एनआरव्हीमधून हेडरचे पाणी मागे येते आहे. मात्र ही तपासणी करताना सक्शनचा व्हॉल्व्ह बंद करू नका. एनआरव्ही गळत असेल तर वरचे पूर्ण प्रेशर सक्शनच्या पाइपवर आणि ग्लँडवर चढते, आणि सक्शनचे जोड त्या प्रेशरसाठी केलेले नसतात.